ग्राइंडिंगला किती माल ठेवायचा?

लेथवर शाफ्ट बांधण्याआधी टर्नर सुपरवायझरला एक प्रश्न हमखास विचारतो. ‘साहेब, ग्राइंडिंगला किती माल ठेवू?’ उत्तर बहुतेक वेळा तोंडपाठ असतं. ‘पॉइंट चार ठेव.’ जरा लांब शाफ्ट असला तर ‘पॉइंट पाच’, आणि मागच्या वेळी माल कमी पडून बोलणी खाल्लेली असली तर ‘पॉइंट सहा ठेव, उगाच डोक्याला ताप नको.’ भोसरी असो, कोल्हापूरची शिरोली असो की नाशिकचं सातपूर, हा संवाद रोज कुठे ना कुठे होतो आणि काम पुढे सरकतं. माझं म्हणणं एवढंच की हा आकडा तोंडपाठ असण्यासारखा नाही. तो मोजून काढता येतो, आणि तो कमी पडला तर जेवढं नुकसान होतं तेवढंच तो जास्त ठेवल्यानेही होतं. जास्तीचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक वाईट.

आधी हा माल ठेवावा का लागतो ते पाहू. गिअरबॉक्समधला शाफ्ट घ्या. त्याचा पृष्ठभाग कठीण हवा, नाहीतर त्यावर फिरणारे रोलर त्याला खड्डे पाडतील. पण आतला गाभा चिवट हवा, नाहीतर झटका बसला की शाफ्ट तुटेल. म्हणून कमी कार्बनचं पोलाद घेतात. आपल्याकडे या कामाला ‘२० एमएनसीआर ५’ हे पोलाद सर्रास चालतं. ते सुमारे ९२० ते ९३० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवलं की कार्बन पृष्ठभागातून आत मुरतो. मग भाग तेलात बुडवतात. कार्बन मुरलेला थर कडक होतो, गाभा तुलनेने मऊ राहतो. शेवटी १५० ते १८० अंशांवर टेम्परिंग करतात. या सगळ्याला केस हार्डनिंग म्हणतात आणि त्या कडक थराला नुसतं ‘केस’.

भट्टीतून बाहेर आलेला शाफ्ट मात्र आत गेला तसा नसतो. तो थोडा वाकलेला असतो, जाडीला थोडा बदललेला असतो आणि त्याची अगदी वरची कातडी खराब झालेली असते. बेअरिंग किंवा रोलर बसायच्या जागेला तर मायक्रॉनमधलं माप लागतं. इतक्या कडक पृष्ठभागाला ते माप आणि तेवढा गुळगुळीतपणा देण्याचं नेहमीचं साधन म्हणजे ग्राइंडिंग. ग्राइंडिंग म्हणजे माल काढणं, तेव्हा काढायला माल शिल्लक हवा. तो भट्टीत जाण्याआधीच टर्निंगमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे शाफ्ट किती वाकणार हे कळायच्या आधी.

आता एकच शाफ्ट घेऊन हा हिशोब शेवटपर्यंत करू. लांबी ४०० मिलिमीटर. दोन्ही टोकांकडे बेअरिंगच्या जागा, आणि मधोमध ४५ मिलिमीटर व्यासाची एक सीट, जिच्यावर नीडल रोलर थेट फिरतात. नीडल बेअरिंगला इथे आतली रिंग नाही, शाफ्टच रिंगचं काम करतो. म्हणून या सीटला ५८ ते ६२ रॉकवेल सी एवढा कडकपणा हवा आणि ग्राइंडिंग झाल्यानंतर केस किमान ०.८, जास्तीत जास्त १.३ मिलिमीटर खोल हवी. केसची खोली म्हणजे आत जाता जाता कडकपणा ५५० व्हिकर्सपर्यंत उतरतो तिथपर्यंतचं अंतर. सीटचं शेवटचं माप ड्रॉइंगवर ४५ एच६ असं आहे, म्हणजे ४४.९८४ ते ४५.००० मिलिमीटर. हा पट्टा १६ मायक्रॉनचा, आणि माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

वाकडेपणा हा या हिशोबातला सर्वांत मोठा आकडा, म्हणून त्यावर थांबू. शाफ्ट दोन सेंटरच्या मध्ये धरून हळूहळू फिरवायचा आणि मधल्या सीटवर डायल लावायची. काटा सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत मागे जातो त्यातला फरक म्हणजे रनआउट. समजा तो ०.१२ आला. याचा अर्थ शाफ्ट ०.१२ ने वाकलेला नाही. तो ०.०६ ने वाकलेला आहे, कारण फुगलेली बाजू डायलखाली येते तेव्हा काटा ०.०६ पुढे जातो आणि अर्ध्या फेरीनंतर खोलगट बाजू आली की ०.०६ मागे. इथे नवख्या माणसाचा एक गोंधळ होतो. शाफ्ट ०.०६ वाकलाय म्हणून व्यासावर ०.०६ माल पुरेल असं त्याला वाटतं. वाकडा ऊस हातात घेऊन त्यातून सरळ काठी काढायची ठरवली तर काय करावं लागेल? एका बाजूने भरपूर तासावं लागेल, दुसऱ्या बाजूला मात्र पातं नुसतं टेकेल. काठीचा मध्य उसाच्या मध्यावर नसतो, म्हणून काठी उसापेक्षा बरीच बारीक करावी लागते. शाफ्टचं तसंच आहे. ग्राइंडिंगचा अक्ष सेंटरवरून ठरतो. खोलगट बाजूने त्या अक्षापासून पृष्ठभाग ०.०६ ने जवळ आलेला आहे, तेव्हा त्रिज्येवर किमान ०.०६ आणि व्यासावर ०.१२ माल हवा. थोडक्यात, डायलने जो आकडा दाखवला तोच व्यासावर ठेवायचा, ना निम्मा ना दुप्पट.

मधल्या सीटची ही गरज टोकाकडच्या सीटला तेवढी नसते. शाफ्ट धनुष्यासारखा वाकतो आणि टोकं सेंटरवर टेकलेली असतात. टोकापासून ६० मिलिमीटरवर असलेल्या बेअरिंगच्या जागेला मधल्याच्या साधारण निम्माच रनआउट मिळतो. म्हणजे सगळ्या सीटना एकच अलाउन्स लिहिणं ही सोय आहे, गरज नव्हे. अर्थात हे कमान साधी असेल तरच. शाफ्टला पायऱ्या खूप असतील तर वाकही वेडावाकडा असतो.

शाफ्ट वाकतो का? याला भट्टीच जबाबदार असते असं नाही. ओढून किंवा रोलरमधून सरळ करून आलेल्या बारमध्ये ताण कोंडलेले असतात. टर्निंगमध्ये एका बाजूचा थर जास्त निघाला, की-वे एकाच अंगाला कापला, की त्या ताणांचा तोल जातो. थंड असताना पोलाद त्यांना दाबून धरतं. ९०० अंशांच्या पुढे मात्र ते इतकं मऊ होतं की ते ताण सुटतात आणि शाफ्ट त्यांच्या ओढीने वळतो. याच मऊपणामुळे आडवा ठेवलेला लांब शाफ्ट स्वतःच्याच वजनाने झोळ खातो. मग येतं तेल. आडवा शाफ्ट तेलात गेला तर खालची बाजू आधी गार होते, वरची नंतर, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी आखडून पुन्हा फुगतात. म्हणून लांब शाफ्ट फिक्स्चरवर उभा टांगून भट्टीत आणि तेलात सोडणं हा सर्वांत स्वस्त इलाज आहे. रफ टर्निंगनंतर ६०० ते ६५० अंशांवर स्ट्रेस रिलीव्हिंग करून मग फिनिश टर्निंग करणं हा दुसरा. त्याला एक भट्टी जास्त लागते, पण ज्या मालाचा वाक हाताबाहेर जातो तिथे तो वसूल होतो.

तरीही भट्टीतून बाहेर पडलेले शाफ्ट काही ०.३ तर काही ०.४ रनआउट दाखवतात. ते हायड्रॉलिक प्रेसवर सरळ करतात. व्ही-ब्लॉकवर ठेवायचं, फुगलेली बाजू वर, दाब द्यायचा, सोडायचा, डायल बघायची. हे काम हाताच्या अंदाजाचं आहे आणि केस हार्डन झालेल्या शाफ्टवर जोखमीचंही. वरचा थर काचेसारखा ठिसूळ, फार ताणला की त्याला भेग जाते. प्रेसवरचा जाणता माणूस ‘टक्’ असा बारीक आवाज ऐकताच शाफ्ट बाजूला काढतो. आवाज आला नाही तरी सरळ केलेल्या शाफ्टची चुंबकीय भेग-तपासणी व्हायलाच हवी. शिवाय सरळ केलेला शाफ्ट थोडा मागे फिरू शकतो, म्हणून टेम्परिंगपेक्षा थोड्या कमी तापमानावर तो पुन्हा एकदा तापवून घेतात आणि मगच शेवटचं रनआउट मोजतात. ‘प्रेस आहेच की, मग शून्यावर आणू’ हा हट्ट धरू नये. जेवढं शून्याच्या जवळ जाल तेवढे दाब वाढतात आणि भेगेची शक्यताही वाढते. आपल्या उदाहरणात आपण भट्टीवाल्याशी ठरवलं आहे की सरळ केल्यावर मधल्या सीटवर ०.१२ पर्यंत चालेल. अलाउन्सचा पहिला आकडा ठरला, ०.१२.

दुसरा आकडा मापातल्या बदलाचा. पोलाद कडक होतं तेव्हा त्याची आतली रचना बदलते आणि नवी रचना जुनीपेक्षा थोडी जास्त जागा घेते. ०.४ टक्के कार्बनचं पोलाद आरपार कडक झालं आणि टेम्परिंग अजून झालेलं नसलं, तर कागदावर त्याचं प्रत्येक माप सुमारे ०.२ टक्के वाढायला हवं. ४५ च्या व्यासावर ही वाढ ०.१ च्या आसपास जाते. आपल्या शाफ्टमध्ये मात्र पूर्ण कडक होणारा थर वरचाच. तो फुगू पाहतो आणि गाभा त्याला धरून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्ष बदल पुष्कळ कमी असतो. तो वाढीकडे जाईल की घटीकडे, हे पोलादाची हीट, सीटची जाडी, केसची खोली आणि तेल यांवर ठरतं. पुस्तकातून हा आकडा घेऊ नये. आपल्या भट्टीत आपला शाफ्ट आधी आणि नंतर मोजून घ्यावा. उदाहरणापुरतं धरू की ट्रायल लॉटमध्ये व्यास कुठे ०.०२ ने घटला, कुठे ०.०३ ने वाढला. माल कमी पडण्याच्या बाजूने पाहिलं तर घटच महत्त्वाची, म्हणून ०.०२. वाढीचा आकडा खिशात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

तिसरा आकडा कातडीचा. टर्निंगच्या खुणांना स्वतःची खोली असते, चांगल्या फिनिशलाही साधारण १२ मायक्रॉन. त्याखाली वायूतल्या कार्बुरायझिंगचा एक दोष असतो. भट्टीतल्या वायूत थोडा ऑक्सिजन असतोच आणि तो पोलादातल्या क्रोमियम-मँगनीजला कणांच्या सीमांवर गाठून ऑक्साइड करतो. हा थर १०-२० मायक्रॉन जातो, आणि तिथे कडकपणा कमी असतो व थकव्याने पडणारी भेग सुरू व्हायला जागा मिळते. नीडल रोलरच्या वाटेवर तो राहता कामा नये. १२ अधिक १५ म्हणजे प्रत्येक बाजूने २७ मायक्रॉन, व्यासावर सुमारे ०.०५५.

चौथा आकडा सेंटरचा, आणि तो हिशोबात धरणारे फार थोडे. शाफ्टच्या दोन्ही टोकांची ६० अंशांची सेंटर हीच ग्राइंडिंगची संदर्भ जागा. भट्टीत त्यांच्यात पापुद्रा बसतो, कधी कडेला मार लागतो. तशाच सेंटरवर शाफ्ट फिरवला तर तो गोल न निघता किंचित उंचसखल निघतो आणि दोष ग्राइंडिंग मशीनवर ढकलला जातो. म्हणून ग्राइंडिंगआधी सेंटर लॅप करतात किंवा सेंटर ग्राइंडिंग मशीनवर साफ करतात. या साफसफाईत अक्ष थोडा सरकतो. तो १० मायक्रॉन सरकला असं धरलं तर व्यासावर ०.०२.

बेरीज करू. वाक ०.१२, घट ०.०२, कातडी ०.०५५, सेंटर ०.०२. एकूण ०.२१५, म्हणजे ०.२२. हा किमान माल, शेवटच्या ४५.००० च्या वर. टर्नरला थोडी मोकळीक लागेलच, ती ०.०६ ची देऊ. मग टर्निंगचा व्यास ४५.२२ ते ४५.२८, ड्रॉइंगवर ४५.२५ आणि दोन्ही बाजूंना ०.०३ ची सूट. ‘पॉइंट सहा’ नव्हे आणि ‘पॉइंट चार’ही नव्हे.

इथे एक रास्त शंका येते. हे चारही दोष एकाच शाफ्टमध्ये, एकाच दिशेने, आपापल्या टोकाला जातील असं थोडंच आहे? बहुधा नाही. अशा वेळी शास्त्र जाणणारे आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात आणि आणखी कमी अलाउन्स मिळवतात. हजारोंचा लॉट असेल आणि मोजमापांचा साठा हाताशी असेल तर ते योग्यच आहे. पंचवीस-पन्नास शाफ्टच्या जॉबला मी सरळ बेरीजच करीन. एक शाफ्ट बाद झाला तर त्यात पोलाद, टर्निंग, भट्टी आणि प्रेस यांचा सगळा खर्च जातो.

आता दुसरी बाजू. आपण ग्राइंडिंगने काढतो तो माल साधा पोलाद नाही, तीच ती केस आहे जी मुरवण्यासाठी काही तास भट्टी चालवली. म्हणून अलाउन्स आणि केसची खोली हे दोन वेगळे आकडे नाहीत, ते एकमेकांना बांधलेले आहेत. सर्वांत वाईट शाफ्ट कल्पून पाहा. टर्नरने वरच्या टोकाचं माप, ४५.२८, ठेवलं. भट्टीत व्यास ०.०३ ने वाढला, ४५.३१ झाला (खिशातला आकडा इथे लागला). ग्राइंडरने तो खालच्या टोकाला, ४४.९८४ ला आणला. व्यासावर सुमारे ०.३३ माल गेला, म्हणजे सरासरी प्रत्येक बाजूने ०.१६. पण शाफ्ट वाकडा होता आणि सेंटरही सरकलं होतं, मिळून ०.०७. फुगलेल्या बाजूने ०.२३ गेलं, खोलगट बाजूने फक्त ०.०९. एकाच सीटवर, एकाच गोलाईत, केसच्या खोलीत ०.१४ चा फरक पडला आणि तो बाहेरून कोणत्याही मायक्रोमीटरला दिसणार नाही.

ड्रॉइंगला शेवटी किमान ०.८ हवी आहे. त्यात ०.२३ मिळवले की भट्टीतून किमान १.०३ खोलीची केस बाहेर यायला हवी, म्हणजे कागदावर १.०५ लिहू. वरची मर्यादा? सर्वांत कमी माल गेलेल्या ठिकाणी त्रिज्येवर केवळ ०.०३ निघतं, तेव्हा १.३० दिलं तर शेवटी १.२७ राहते, १.३ च्या आत. भट्टीवाल्याला द्यायचा आकडा तयार झाला, ग्राइंडिंगपूर्व केस १.०५ ते १.३०. पुष्कळ ड्रॉइंगवर नुसतं ‘केस डेप्थ ०.८ ते १.३’ एवढंच असतं, ग्राइंडिंगच्या आधी की नंतर हे लिहिलेलंच नसतं. भट्टीवाला ०.८५ देतो, त्याचा रिपोर्ट बिनचूक असतो, आणि ग्राइंडिंगनंतर शाफ्टच्या एका अंगाला ०.६२ शिल्लक राहते. तो शाफ्ट काही महिने चालतो. मग रोलरच्या दाबाखाली थराच्या मुळाशीच पोलाद खचतं आणि खपल्या निघतात. त्या वेळी दोष बेअरिंगवर जातो किंवा तेलावर जातो, अलाउन्सवर कुणीच बोट ठेवत नाही.

‘पॉइंट सहा ठेव’ म्हणणाऱ्याचा शाफ्ट याच हिशोबात घालून बघा. प्रत्येक बाजूने सरासरी ०.३०, वाकड्या अंगाला ०.३७ केस जाते. १.०५ च्या केसमधून उरते ०.६८. आठ दशांशाची अट तिथेच मोडली. बरं, केस आणखी खोल मागावी म्हटलं तर कार्बन मुरण्याचा वेग खोलीबरोबर मंदावतो. खोली वेळेच्या वर्गमूळाप्रमाणे वाढते, दुप्पट खोलीला चौपट वेळ लागतो. १.०५ चं १.१९ करायला कार्बुरायझिंगचा वेळ जवळजवळ सव्वापट होतो. तेवढा जास्त वेळ शाफ्ट ९२० अंशांवर मऊ अवस्थेत राहतो, म्हणजे वाकायला त्याला जास्त वेळ मिळतो. वाकेल म्हणून ठेवलेला जास्तीचा माल शाफ्टला आणखी वाकवतो. शिवाय कडक थरातून जादा माल काढायचा म्हणजे चाक जास्त वेळ घासणार. टेम्परिंग १५०-१८० अंशांवर झालेलं असतं, चाकाखालची उष्णता त्याच्या पुढे गेली की पृष्ठभाग जागच्या जागी मऊ पडतो, आणि फारच गेली तर क्षणभर पुन्हा कडक होऊन बारीक भेगा पडतात. कुलंट भरपूर सोडून, चाक वेळच्या वेळी ड्रेस करून, शेवटचे कट बारीक घेऊन हे टाळता येतं, पण घाईतल्या ग्राइंडरपुढे ०.६ माल ठेवला तर तो मोठे कट घेणारच, त्याला तासाचा हिशोब द्यायचा असतो. जळालेला भाग नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. पातळ नायटलने एचिंग केलं की मऊ पडलेली जागा काळपट दिसते आणि पुन्हा कडक झालेली पांढरट.

अलाउन्स कमी पडला तर ते लपत नाही. ग्राइंडर चाक हळूच टेकवतो तेव्हा वाकड्या शाफ्टवर ठिणगी फेरीत एकदाच उडते, फुगलेल्या बाजूला. तुटक तुटक आवाज येतो. जाणता माणूस तिथेच डायल शून्य करतो आणि सलग ठिणगी कधी पडते ते पाहतो. शाफ्टच्या पूर्ण फेरीत ठिणगी पडायला लागेपर्यंत व्यासावर जेवढा माल गेला, तो आकडा डायलच्या रनआउटशी साधारण जुळायला हवा. जुळला नाही तर सेंटर तपासा. आणि ४५.०१ आल्यावरही एका अंगाला काळा पट्टा दिसत असेल तर माल संपला, पट्टा जाणार नाही. अशा वेळी एखादा हुशार ग्राइंडर सेंटर मुद्दाम थोडं सरकवून घेतो आणि दोष सगळीकडे वाटून देतो. बाकीच्या सीटवर माल उरलेला असेल तर हे जमतं. नाहीतर शाफ्ट भंगारात.

नव्या जॉबला हे सगळं कळायचं कसं? पहिल्या ट्रायल लॉटमधल्या प्रत्येक शाफ्टच्या टोकाला नंबर मारा. भट्टीत जाण्याआधी तीन ठिकाणचे व्यास आणि रनआउट लिहून ठेवा, बाहेर आल्यावर सरळ करण्याआधी तेच पुन्हा मोजा, आणि फुगलेली बाजू की-वेपासून कुठल्या दिशेला आहे तेही नोंदवा. ही शेवटची नोंद लोक सोडून देतात, खरं तर तिच्यातच उत्तर असतं. सगळे शाफ्ट की-वेच्या एकाच बाजूला फुगलेले असतील तर कारण की-वे. फिक्स्चरवर जी बाजू खाली होती ती सगळ्यांची खाली झुकली असेल तर कारण ठेवण्याची पद्धत. दिशा कुठलीच ठरत नसेल, एक इकडे एक तिकडे असेल, तर बारमधले ताण, तिथे स्ट्रेस रिलीव्हिंगने फरक पडेल.

आपल्या उदाहरणात दुसरं कारण सापडलं असं धरू आणि शाफ्ट उभे टांगून पाहू. वाक कमी झाला, प्रेसवाला फार न दाबता ०.०८ पर्यंत आणू लागला. बेरीज ०.१८ वर आली. टर्निंगचा व्यास ४५.१८ ते ४५.२४ झाला. वाकड्या अंगाने जाणारी केस ०.२३ वरून ०.१९ झाली, म्हणून भट्टीचा आकडा १.०० ते १.२५ करता येतो आणि कार्बुरायझिंगचा वेळ नऊ-दहा टक्क्यांनी कमी होतो. हा बदल करताना टर्निंगचं ड्रॉइंग, भट्टीची ऑर्डर आणि प्रेसची स्वीकार-मर्यादा हे तिन्ही कागद एकाच दिवशी बदलावे लागतात. शाफ्ट बहुधा तीन वेगवेगळ्या शेडमध्ये फिरतो आणि प्रत्येकाकडे आपलाच कागद असतो. भट्टीला नवा १.०० चा कागद गेला आणि टर्नर जुन्याच ४५.२८ ने कापत राहिला, तर वाकड्या अंगाला उरते ०.७९, आणि जुन्या ०.१२ च्या मर्यादेवर पास झालेला शाफ्ट असेल तर ०.७७.